गावच्या ग्रुपवरचा 'चित्ता': फोटो बघून बिबट्या, चित्ता, जॅग्वार कसा ओळखायचा?

बांधावरचा_विनायक

नमस्कार मंडळी. मी शिरूर तालुक्यातला, ऊस आणि कांदा. आमच्याकडे बिबट्या नवा नाही, पण गेल्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर दोन फोटो फिरले आणि नुसता गोंधळ उडाला.

फोटो १: आमच्याच शिवारातला. चुलतभावाने पिकअपच्या उजेडात, तिन्हीसांजेला, साधारण साठ-सत्तर फुटांवरून मोबाईलवर काढलेला. जनावर बांधावरून आडवं चाललंय, डावी बाजू दिसते, तोंड किंचित आपल्याकडे. अंगावर सगळे भरीव काळे ठिपके दिसतात, पाय लांब वाटतात. ग्रुपवर एकाने लिहिलं, "हा चित्ता आहे, कुनोतून सुटलाय." झालं! दोन दिवस शाळेत पोरं पाठवली नाहीत लोकांनी. बिबट्या असतो तेव्हा पाठवतात, हे आणखी एक नवल.

फोटो २: कुणीतरी पुढे ढकललेला. नदीकाठ, पाण्यात जलपर्णी, आणि काठावर अर्धं ओलं, दांडगं ठिपक्यांचं जनावर. खाली मजकूर "भीमेच्या पात्रात बिबट्या, सावध रहा".

दोन्ही खाली चिकटवलेत. मला घरच्यांना आणि ग्रुपला पटेल असं सांगता आलं पाहिजे. नुसतं "तज्ज्ञ म्हणतात" चालणार नाही, काय बघायचं ते सांगा.

प्रसाद_७१

सोपं आहे हो. भरीव ठिपका म्हणजे चित्ता. पोकळ फूल म्हणजे बिबट्या. फुलाच्या आत ठिपका म्हणजे जॅग्वार. संपला विषय. त्या हिशेबाने तुमचा पहिला फोटो चित्ता आणि दुसरा जॅग्वार.

बांधावरचा_विनायक

@प्रसाद_७१, म्हणजे शिरूरला चित्ता? आणि भीमेत जॅग्वार? 😀

अण्णा_ओतूर

विनायकराव, पिंजरा लावायचा असेल तर आधी ग्रामपंचायतीचं पत्र लागतं का? आमच्याकडे दोन महिने झाले, शेळी गेली, अजून कुणी फिरकलं नाही.

रानभूल

अण्णा, वनविभागाची हेल्पलाइन १९२६. शेळीचा पंचनामा झाला नसेल तर तो आधी करून घ्या. पिंजऱ्यासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

आता विनायक. प्रसादचं सूत्र चुकीचं नाही, पण ते ज्या फोटोसाठी आहे तो फोटो तुमच्याकडे नाही. मी काही वर्षं कॅमेरा ट्रॅपचे फोटो चाळायचं काम केलंय. तिथे पहिल्या आठवड्यात प्रत्येक जण हीच चूक करतो.

बिबट्याची फुलं, आम्ही रोझेट म्हणतो, म्हणजे तीन-चार तुटक काळे तुकडे गोल बसलेले आणि मध्ये बदामी रंग. हा मधला रंग अंगाच्या रंगापेक्षा थोडा गडद असतो. एक रोझेट फार तर लिंबाएवढं. साठ फुटांवरून, कमी उजेडात, हलत्या जनावराचा मोबाईलवर फोटो काढला की ते तुकडे एकमेकांत मिसळतात आणि मधला रंग बुजतो. वर व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबून लहान केला की राहिलेलं फूल पुसून भरीव ठिपका होतो. म्हणजे ठिपका जनावराच्या अंगावर नाही, फोटोत आहे.

दुसरी गोष्ट. बिबट्याच्या अंगावर भरीव ठिपके *असतातच*. डोकं, मान, चारही पायांचा खालचा भाग आणि पोट इथे फुलं नसतात, साधे ठिपके असतात. नुसत्या पुढच्या पायाचा आणि मानेचा तुकडा कापून दाखवला तर चांगला जाणकारही क्षणभर थबकेल. फुलं बघायची तर खांद्याच्या मागे, बरगड्यांच्या वरच्या अर्ध्या भागात. तिथे ती सगळ्यात मोठी आणि उघडी असतात.

चुलतभावाच्या फोनमधली मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून नको. मग बोलू.

ग्वाल्हेरकर

आमच्या घराला सात पिढ्या ग्वाल्हेरात झाल्या, कुनो आमच्यापासून काही तासांवर. त्यामुळे या विषयावर न बोलून कसं चालेल!

१७ सप्टेंबर २०२२ ला कुनोत नामिबियाचे आठ चित्ते आले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे बारा. तेव्हापासून आमच्याकडे उलटं झालंय. कुनोच्या जंगलात बिबटे भरपूर, पण गाडीतून कुणालाही ठिपके दिसले की "चित्ता, चित्ता!" मीही त्यातलाच. दुपारची वेळ, गवतावर उन्हाची थरथर, झाडाखाली ठिपक्यांचं जनावर बसलेलं. बायकोला म्हटलं, बघ, आयुष्य सार्थकी लागलं. पंधरा मिनिटांनी ते उठलं, आळस दिला आणि सरळ उभ्या खोडावरून वर चढून गेलं. बिबट्या! गाइड गालातल्या गालात हसत होता.

चित्ता अजिबात झाडावर चढत नाही असं मात्र कुणी समजू नका. आफ्रिकेत तिरक्या, वाकलेल्या खोडावर जाऊन बसलेले फोटो आहेत. पण उभ्या खोडावर असं सरसर जाणं त्याच्या नख्यांना जमत नाही. मांजरासारख्या त्या पूर्ण आत जात नाहीत, कुत्र्यासारख्या बोथटतात.

मी नंतर प्रत्यक्ष चित्ता पाहिला तेव्हा मला ठिपके आधी दिसलेच नाहीत. दिसला तो बांधा. तुमच्या पश्चिम महाराष्ट्रात कारवान कुत्रा असतो ना, शिकारी? छाती खोल, पोट आत ओढलेलं, पाय काठीसारखे, डोकं अंगाच्या मानाने लहान. हुबेहूब तसं. बिबट्या त्याच्यापुढे पैलवान दिसतो, खांदे रुंद, पाय आखूड, मान जाड.

गणूकाका_कोल्हापूर

कारवानची उपमा झकास. आमच्या संस्थानात काळविटाच्या शिकारीला चित्ते पाळलेले असत, त्यांना सांभाळणारे चित्तेवान असत. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर नेत आणि काळवीट दिसलं की टोपी काढत. म्हणजे 'चित्ता' शब्द आमच्याकडे नुसता पुस्तकातला नव्हता. मूळ संस्कृत 'चित्रक', ठिपक्यांचा. इंग्रजांनी तो हिंदीतून उचलला आणि आता जगभर तोच चालतो. गंमत अशी की भारतातला चित्ता संपल्याचं १९५२ ला जाहीर झालं आणि जनावर गेल्यावर शब्द मोकळा सुटला, दिसेल त्या ठिपक्यांना चिकटला. हिंदी वाहिन्यांवर बिबट्याला सर्रास 'चीता' म्हणतात. तुमच्या ग्रुपवरच्या माणसाचा दोष निम्माच.

बांधावरचा_विनायक

काका, आमच्या आजीला तर बिबट्याही मान्य नाही, ती "वाघ आला" म्हणते.

मूळ फाइल मिळाली, टाकली आहे. मोठी करून बघितली तर खांद्यामागे ठिपके जरा फुटल्यासारखे दिसतात. पण चेहरा बघा. डोळ्यापासून खाली नाकाच्या कडेने काळी रेघ दिसतेय! ती चित्त्याची असते ना? ग्रुपवर आता याच्यावरच जोर आहे.

प्रसाद_७१

अगदी. ती रेघ फक्त चित्त्याला. मी म्हटलं होतं.

रानभूल

रेघ चित्त्यालाच असते हे खरं. ही ती रेघ आहे का, एवढाच प्रश्न आहे.

चित्त्याची रेघ डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघते, नाकाच्या कडेने खाली येते आणि बाहेर वळून तोंडाच्या कोपऱ्याला टेकते. अखंड, काळीभोर, काजळ ओघळल्यासारखी, दोन्ही बाजूंना सारखी. बिबट्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातही काळा डाग असतो, पण तो तिथेच संपतो. त्याच्या खाली गालावर मिश्यांच्या रांगांचे ठिपके.

आता तुमचा फोटो. उजेड पिकअपचा, समोरच्या डाव्या अंगाने आलेला. जनावराचं नाक उंच, त्यामुळे पलीकडच्या बाजूला नाकाची सावली पडली. ती तुमची रेघ. पटत नसेल तर अलीकडचा डोळा बघा, ज्याच्यावर उजेड थेट पडलाय. तिथे डोळ्याखाली काही नाही, स्वच्छ. चित्ता असता तर उजेडातली रेघ जास्त ठळक दिसली असती. एका बाजूला रेघ आणि एका बाजूला नाही, असा चित्ता नसतो.

आता बाकीचं जुळवू. खांद्यामागे वरच्या बाजूला मोजा. मला सात फुलं अशी दिसतात की मध्ये गडद बदामी आहे आणि कडा तुटलेली आहे. पोटाची रेषा छातीपासून मागे जवळजवळ सरळ गेलीय, वर ओढलेली नाही. पाय लांब वाटतात कारण जनावर बांधावर आहे आणि चुलतभाऊ खाली गाडीत, फोटो खालून वर काढलाय. आणि शेपटी बघा: टोकाला वर वळलेली, खालची बाजू पांढरी. चालताना बिबट्या अशी शेपटी धरतो. चित्त्याच्या शेपटीच्या शेवटच्या भागात काळी कडी असतात, आणि बहुधा पांढरा झुपका. इथे एक सापळा आहे, बिबट्याच्या शेपटीवरही टोकाकडे अर्धवट कडी असतात, म्हणून नुसत्या शेपटीवर मी कधी निकाल देत नाही.

बिबट्या. नर की मादी ते या फोटोवरून मी सांगणार नाही.

प्रसाद_७१

मूळ फाइल बघितली. मान्य, फुलं आहेत. पण दुसऱ्या फोटोबद्दल मी बरोबर होतो का? आत ठिपके स्पष्ट दिसतात.

रानभूल

उत्तर बरोबर, कारण अर्धं. बिबट्याच्या एखाद्या फुलातही ठिपका सापडतो आणि जॅग्वारची बरीच फुलं रिकामी असतात. एक फूल हेरून निकाल दिला तर कधीतरी तोंडावर आपटाल. पूर्ण कूस बघायची.

या फोटोत कुशीवरची फुलं मोठी आहेत, पूर्ण कुशीवर वरपासून खालपर्यंत फार तर चार-पाच बसतील. बिबट्यात याच जागेत याहून पुष्कळ जास्त, लहान आणि दाटीने असतात. कडा जाड आणि कोनदार, तुटलेल्या फरशीसारख्या. आणि निम्म्याहून जास्त फुलांत एक-दोन बारीक ठिपके. हे सगळं एकत्र असलं की जॅग्वार.

पण मी हा फोटो उघडला तेव्हा फुलांकडे नंतर गेले. आधी डोकं. केवढं ते! जबडा रुंद, कपाळ रुंद, मान जवळजवळ दिसतच नाही. पाय आखूड आणि जाड. शेपटी मागे लोंबतेय आणि जमिनीला पोचत नाही. बिबट्याची शेपटी लांबलचक असते, झाडावर तोल सांभाळायला. ब्राझीलच्या पांतानालमधले नर जॅग्वार शंभर किलोच्याही वर जातात, आपला नर बिबट्या साधारण पन्नास ते सत्तर किलोचा. एकाच चौकटीत शेजारी ठेवले तर कुणी चुकणार नाही, पण फोटोत शेजारी कुणी उभं राहत नाही.

आणि फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, जलपर्णीच्या मागे, तपकिरी गोणीसारखं काय आहे ते मोठं करून बघा.

बांधावरचा_विनायक

मी दगड समजलो होतो. कान आहेत त्याला! डुक्कर?

रानभूल

कॅपिबारा. दक्षिण अमेरिकेतला पाणथळीतला मोठा उंदीरवर्गीय प्राणी. चौकोनी तोंड, कान वर, शेपूट नाही. भीमेत तो नाही. फोटो पुढे ढकलणाऱ्याने मजकूर बदलला, कॅपिबारा कापायचा विसरला.

ग्वाल्हेरकर

वा! आणि जलपर्णी?

रानभूल

ती खरी गंमत आहे. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतलीच. तिथे ती घरची, आपल्या उजनी-भीमेत आलेली पाहुणी, गेलीच नाही. म्हणून तो काठ आपल्या लोकांना ओळखीचा वाटला आणि मजकूर खपला. झाड-झुडपावरून जागा ओळखायला जाताना हे लक्षात ठेवा, नेहमीचीच वनस्पती जास्त फसवते.

शेवंता_निफाड

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण फसवणूक तीच. दोन वर्षांपूर्वी आमच्या फडात ऊसतोड चालू होती. टोळीतल्या बाई ओरडल्या, "बिबट्याची पिल्लं!" पाचटात तीन होती. माणसं पळाली, तोड बंद, कोयते टाकून सगळे बांधावर. मी फोटो काढला आणि वनखात्यातल्या ओळखीच्या ताईंना पाठवला. उत्तर आलं: "वाघाटी. हात लावू नका."

वाघाटी म्हणजे जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी एक, मोठी झाली तरी घरच्या मांजरापेक्षा लहानच. ताईंनी कसं ओळखलं ते नंतर विचारलं. म्हणाल्या, कपाळावर डोळ्यांच्या मधून वर जाणारे पांढरे पट्टे बघा. ठिपके काळे नाहीत, गंजाच्या रंगाचे, आणि पाठीवर रांगेत. बिबट्याच्या पिल्लाचे ठिपके काळपट, विस्कटलेले, दाट. अंगाचा रंग राखाडीकडे. फुलं तेव्हा नीट उमललेली नसतात, त्यामुळे फुलं शोधत बसू नका, असंही म्हणाल्या. आणि पंजे! बिबट्याचं पिल्लू लहान असलं तरी पंजे दुसऱ्याचे घातल्यासारखे जाड दिसतात. आमची पिल्लं तळहातावर मावतील एवढी आणि पंजे काडीसारखे.

तोड दुसऱ्या बाजूने सुरू केली, पिल्लं तिथेच ठेवली. रात्री आई येऊन घेऊन गेली, सकाळी जागा रिकामी.

मनीमाऊ_पुणे

माझ्याकडे बंगाल जातीची मांजर आहे, तिला अगदी रोझेट आहेत आणि आत रंग पण गडद. म्हणजे ती बिबट्याची नातेवाईक का? 🙈 फोटो टाकते.

रानभूल

बिबट्याची नाही, पण रानाशी नातं आहे. ही जात घरच्या मांजराचा आशियातल्या छोट्या ठिपक्यांच्या रानमांजराशी संकर करून तयार केली. त्या रानमांजराला इंग्रजीत लेपर्ड कॅट म्हणतात, तिथून गैरसमज सुरू होतो. गोड आहे तुमची मांजर. रात्री बांधावर सोडू नका, एवढंच. 🙂

शेवंताताई, तुमचा मुद्दा धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे, कारण ऊसतोडीत हेच होतं. फक्त एक: बाऊल म्हणजे साधं रानमांजर, त्याच्या पिल्लांच्या अंगावरही पट्टे-ठिपके असतात आणि मोठेपणी ते फिके होतात. लोक त्यालाही बिबट्याचं पिल्लू समजतात. पण तिथेही पंजे आणि डोक्याचा आकार बघितला की कळतं.

गणूकाका_कोल्हापूर

आणि तो बर्फातला? त्यालाही ठिपके असतात.

रानभूल

हिमबिबट्या फोटोवरून चुकायचा म्हटलं तरी चुकत नाही काका. धुरकट राखाडी अंग, मोठी पसरट फुलं आणि शेपूट म्हणजे गळ्यात गुंडाळायचा मफलर. शिरूरच्या ग्रुपवर कुणी टाकलाच तर हसून सोडा.

बांधावरचा_विनायक

ग्रुपवर टाकलं सगळं. कॅपिबाराने काम केलं, फुलांनी नाही! त्या "गोणी"भोवती गोल काढून पाठवला तेव्हा एकदम शांतता. चित्तावाल्यांनी मात्र शेवटपर्यंत हार मानली नाही. एक जण म्हणाला, "बरं, चित्ता नसेल, पण बिबट्यापेक्षा वेगळा आहे."

आता शेवटचा प्रश्न. मागच्या दिवाळीत आमच्या विहिरीजवळ एक दिसला होता, तोही फोटो माझ्याकडे आहे, बराच चांगला. तो हाच का? घरचे विचारतात, एक आहे की दोन.

रानभूल

टाका बघू. प्रत्येक बिबट्याच्या फुलांची नक्षी वेगळी आणि ती आयुष्यभर बदलत नाही, त्यामुळे जुळवता येतं. तीन-चार शेजारशेजारची फुलं निवडायची, ज्यांचा आकार जरा विचित्र असेल अशी, आणि तीच मांडणी दुसऱ्या फोटोत शोधायची.

बांधावरचा_विनायक

टाकला.

रानभूल

अडचण आहे. दिवाळीच्या फोटोत उजवी कूस आहे, आताच्या फोटोत डावी. दोन्ही बाजूंची नक्षी वेगवेगळी असते, एकीवरून दुसरी सांगता येत नाही. म्हणूनच कॅमेरा ट्रॅप वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर लावतात, जनावर एकदा गेलं की दोन्ही कुशी मिळतात.

प्रसाद_७१

कपाळ दोन्ही फोटोंत दिसतंय की, ते जुळवा!

रानभूल

कपाळावरचे ठिपके जुळवता येतात, पण आताच्या फोटोत तोंड तिरकं आणि तेवढ्या भागाला बोटभरही पिक्सेल नाहीत. मला दोन ठिपके सारखे वाटतात. दोन ठिपक्यांवर मी "तोच" म्हणणार नाही. उजव्या बाजूचा एखादा नवा फोटो मिळाला तर मिनिटभराचं काम आहे.

ग्वाल्हेरकर

मला तर तोच वाटतो. मानेची ठेवण बघा.

रानभूल

मानेच्या ठेवणीवरून तुम्ही मागे चित्ताही पाहिला होता साहेब. 😄

बांधावरचा_विनायक

😂 शेजारच्या पोल्ट्रीच्या फाटकावर सीसीटीव्ही आहे, आणि तो बांधाच्या पलीकडच्या बाजूने बघतो, म्हणजे उजवी कूस मिळायला हवी. उद्या सकाळी जाऊन बघतो.

बांधावरचा_विनायक

गेलो होतो. त्यांचं रेकॉर्डिंग सात दिवसांनी आपोआप पुसलं जातं. काल आठवा दिवस होता.